बाराच लॉट

सांगलीच्या मार्केट यार्डात नानासो मगदूमांच्या गाळ्यावर फेब्रुवारीपासून चेष्टेचा एक विषय ठरून गेला होता. नानासोंचा मुलगा पृथ्वीराज चहावाल्याला फोन करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "कितीही कप पाठव, फक्त बाराच्या वर नकोत. ताई परत पाठवतील."

ताई म्हणजे नीलिमा कांबळे. साताऱ्याची. नानासो हळदीचे अडते. शेतकऱ्यांची हळद सौद्यात, म्हणजे यार्डातल्या लिलावात, विकून द्यायची आणि जोडीला स्वतःचीही थोडी घेऊन ठेवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. घेऊन ठेवलेल्या मालाचा भाव पडला तर तोटा होतो. तो भरून निघावा म्हणून ते वायदेबाजारात पुढच्या महिन्याची हळद आजच विकून ठेवायचे. मालाचा भाव पडला की वायद्यात तेवढंच मिळायचं. हे वायद्याचं काम बघायला त्यांनी नीलिमाला आणलं होतं, आणि येताना ती एक नियम घेऊन आली होती. वायद्याचा एक लॉट पाच टनांचा. नानासोंच्या साठ्यात दोनशे टन हळद. हिशेबाने चाळीस लॉट विकायला हवेत. नीलिमाने सांगितलं, बारा.

"चाळीस टोप्या लागतात तिथं बारा घेऊन काय करू?" नानासो म्हणाले होते. "बाकीची डोकी उन्हात?"

"उन्हात राहू देत, आण्णा. ऊन लागलं तर सावलीत येता येतं."

तिचा हिशेब सरळ होता. हळदीचा वायदा दिवसात चार टक्के चढला की तिथे अडतो. पंधरा मिनिटांनी आणखी दोन टक्क्यांची मोकळीक मिळते. सहाला पोचला की त्या दिवसापुरतं वर जाणं संपलं. त्याच्या वरच्या भावात सौदा होत नाही. बाजारातली माणसं याला सर्किट म्हणतात. ऐकायला ही सोय वाटते. पण उद्या भाव आणखी चढणार असं सगळ्यांना वाटत असेल, तर आजच्या भावाला विकणार कोण? घेणाऱ्यांची रांग लागते आणि समोर विकणारा नसतो. ज्याने आधी विकून ठेवलंय त्याला परत घेऊन सुटायचं असतं, तोही त्याच रांगेत उभा राहतो. सुटका होत नाही आणि तोटा थांबत नाही. दर संध्याकाळी तो मोजला जातो आणि सकाळी रोख भरावा लागतो.

"पण माझा माल तेवढाच महागला की," नानासो म्हणाले होते.

"महागला. पण तो हरिपूरच्या पेवात आहे, जमिनीखाली. दलाल सकाळी पैसे मागतो, हळद मागत नाही."

म्हणून नियम असा ठरला. वायदा सलग चार दिवस वरच्या सर्किटला अडकला, एक्स्चेंजने वर जादा मार्जिन, म्हणजे अनामत, मागितलं आणि आपल्याला एकही लॉट सोडवता आला नाही, तरी बाजूला ठेवलेल्या सत्तावीस लाखांत भागलं पाहिजे. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या पैशांना हात लागता कामा नये. पट्टी म्हणजे माल विकल्याचा हिशेब आणि त्याचे पैसे; नानासोंच्या गाळ्यावर ते दर शुक्रवारी मिळायचे, आणि ठरल्या शुक्रवारी पट्टी निघाली नाही असं तीस वर्षांत झालं नव्हतं. सत्तावीस लाखांना त्या चार वाईट दिवसांच्या खर्चाने भागलं की बारा लॉट यायचे. नीलिमाने तो भागाकार नानासोंसमोर दोनदा करून दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केले.

हा विचार तिचा स्वतःचा नव्हता. साताऱ्यात पोवई नाक्यावर उदयसिंह शिंद्यांचं दलालीचं छोटं ऑफिस होतं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. नीलिमा तिथे सहा वर्षं कामाला होती आणि नानासोंचं खातंही तिथेच होतं. नवीन गिऱ्हाईक किती मिळतील असं विचारू लागलं की सुभेदार त्याला आधी विचारायचे, "आणि सुटता आलं नाही तर?" गिऱ्हाईक म्हणायचं, स्टॉप-लॉस लावतो की, ठरल्या भावाला सौदा आपोआप सुटेल. मग सुभेदार चौकीवरच्या बर्फाची गोष्ट सांगायचे. रस्ता बंद झाल्यावर किती दिवस काढायचे, हे रस्ता उघडा असताना ठरवायचं. बंद झाल्यावर फक्त मोजायचं.

फेब्रुवारीत हळद घसरत गेली तेव्हा मात्र बारा लॉटांनी नीलिमाची पंचाईत केली. साठ्याचा मोठा भाग उघडा होता आणि त्यात तोटा दिसत होता. पृथ्वीराजला तेव्हापासून चहाचे कप सुचू लागले. सत्तावीस वर्षांचा, हुशार, पुण्यात शिकून आलेला पोरगा. त्याचा राग खोटा नव्हता. चाळीस लॉट असते तर तो तोटा झाला नसता, हे खरंच होतं. नीलिमानेही ते कधी नाकारलं नाही.

*

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, वाईकडच्या आक्काताईंची हळद सौद्याला लागली. साठीच्या पुढची बाई, ठणठणीत. सौदा बघायला स्वतः आल्या होत्या, आणि भाव पुकारणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहून त्याच्या तोंडाकडे असं बघत होत्या की तो दोनदा अडखळला. त्यांच्या राजापुरी हळदीला चांगला भाव मिळाला. बाई गाळ्यावर येऊन बाकड्यावर बसल्या.

"पट्टी कवा?"

"शुक्रवारी, आक्काताई," नीलिमा म्हणाली.

"शुक्रवारी म्हंजी शुक्रवारीच न्हवं? मागच्या अडत्यानं मला चार खेपा घालाय लावल्या. चौथ्या खेपंला मी त्येच्या खुर्चीत बसले नि म्हनलं, आता तू बाहेर थांब."

"मग दिले का?"

"दिलं की. खुर्ची पायजे हुती त्येला." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "मी माधवनगरला लेकीकडं हाय शुक्रवारपातुर. पैसं घिऊनच जानार. त्येच्यावर बोअर ठरलाय."

त्याच वेळी आतल्या टेबलावरच्या पडद्यावर वायद्याचा भाव चढत होता. मराठवाड्यात रात्री अवकाळी पाऊस झाल्याची बातमी होती. शिजवून वाळत घातलेली हळद भिजली होती. दहाला बाजार उघडला आणि वायदा दोन टक्के वर गेला. नीलिमा बाहेरच होती. ती आत आली तेव्हा भाव चार टक्क्यांवर जाऊन थांबला होता. पंधरा मिनिटं गेली, मर्यादा उघडली, आणि हातातला चहा संपायच्या आत भाव सहावर जाऊन चिकटला. पडद्याच्या एका बाजूला घेणाऱ्यांचे आकडे वाढत गेले आणि दुसरी बाजू कोरी झाली.

तिने मनातल्या मनात बारा लॉटांचा दिवसाचा तोटा मोजला. पाच लाखांच्या आसपास. त्यासाठीच ठेवलेले पैसे होते. तिने खुर्ची ओढली, कामाला लागली आणि दुपारी वेळेवर डबा उघडला.

चार वाजता साताऱ्याहून फोन आला.

"नीलिमा, तुझा नियम किती लॉटांचा?" सुभेदारांनी विचारलं.

"बारा. का?"

"मला अठरा दिसतायत."

तिने हातातली वही बाजूला केली. पृथ्वीराज समोरच्या टेबलावर मोबाईलकडे बघत बसला होता. दुपारपासून त्याने चहा मागवला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"पृथ्वीराज," ती म्हणाली, "सहा लॉट तू विकलेस?"

त्याने वर बघितलं नाही. "दोन टक्के वर होता तेव्हा. पावसाची बातमी एका दिवसाची असते, ताई. म्हटलं चढलेल्या भावात विकून ठेवावं. आणि माल आहे की आपल्याकडे. पेवं भरलेली आहेत."

"मग?"

"स्टॉप-लॉस लावला होता. तो लागलाही. पण..." त्याने मोबाईल तिच्याकडे केला. त्याची खरेदी तिथे तशीच पडून होती. एकही लॉट आला नव्हता. "समोर कुणी नाहीच. मी सारखा बघतोय."

"बघून कुणी येत नाही," नीलिमा म्हणाली. "आण्णांना बोलव."

नानासो आले, ऐकलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या शुक्रवारवर बोट ठेवलं. ओरडतील असं पृथ्वीराजला वाटत होतं. ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळे त्याची मान आणखी खाली गेली.

"किती दिवस निघतील?" त्यांनी नीलिमाला विचारलं.

"बाराचे चार निघाले असते. अठराचे, जादा मार्जिन धरून, दोन. तिसऱ्या दिवशीही सर्किट लागलं तर गुरुवारी सकाळी चार-पाच लाख कमी पडतील."

"आणि न भरलं तर? दलाल सौदा कापंल?"

"कापायला त्यालाही समोर विकणारा लागतो. तो कापू शकणार नाही, आणि तोटा आपल्या नावावर चालू राहील."

पृथ्वीराज हळू आवाजात म्हणाला, "पट्ट्यांच्या खात्यात पैसे आहेत. शुक्रवारच्या पट्ट्या सोमवारी दिल्या तर काय होतंय? तोवर वायदा सुटेल. आपण काय पळून जातोय का?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सोमवारी दिले तरी पैसे तेच राहिले असते. पण यार्डात ही बातमी शनिवारी दुपारपर्यंत वाई ते तासगाव पोचली असती, आणि पुढच्या आठवड्यात मगदूमांच्या गाळ्यावर पोत्यांची थप्पी कमी दिसली असती. नानासोंनी मुलाकडे बघितलं, मग बाहेर बाकड्याकडे. आक्काताई गेल्या होत्या. बाकडं रिकामं होतं.

"त्या खात्याचं नाव काढू नको," ते म्हणाले. "नीलिमा, तू सांग."

"पेव काढूया."

"आत्ता?"

"आज तोंड उघडलं तरच बुधवारच्या सौद्याला माल येतो. गुरुवारी पैसे लागतील म्हणून गुरुवारी पेव उघडून चालत नाही."

हे नानासोंना कुणी सांगायची गरज नव्हती. नदीकाठच्या हरिपुरात जमिनीखाली खोल खड्डे आहेत, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आत उसाचा पाला आणि चटया लावून हळद ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचं. वर्षानुवर्षं माल टिकतो, कीड लागत नाही. महापुरानंतर बहुतेक पेवं बुजली. मगदूमांनी आपली दुरुस्त करून ठेवली होती. पण पेवाची एक अट असते. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरता येत नाही, कोंडलेली हवा माणूस मारते. रात्रभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. आणि एकदा उघडलं की थोडा माल काढून बाकीचा ठेवता येत नाही. बाहेरची दमट हवा लागली की हळद खराब होते. उघडलं म्हणजे सगळं काढलं.

"पेवात माल आहे म्हणून मी विकलं," पृथ्वीराज म्हणाला. नुसता स्वतःशी बोलल्यासारखा. "माल म्हणजे पैसेच, असं धरून."

"पैसेच आहेत," नानासो म्हणाले. "तोंड लहान आहे एवढंच." मग त्यांनी चप्पल पायात घातली. "चल. दगड तू उचलणार आहेस."

निघताना नीलिमाने त्यांना थांबवलं. "एकच पेव, आण्णा. पंचवीस टन. भाव चांगला आहे म्हणून एकामागून एक उघडत जायचं नाही."

"का?"

"आपण नव्वद टन विकून ठेवलेत आणि ते अडकलेत. साठा त्याच्या खाली गेला तर मग खरंच उघड्यावर पडू. भाव चढला तर वायद्यात तोटा, आणि त्याच्या बदल्यात महागायला माल नाही."

नानासोंनी मान हलवली.

*

मंगळवारी सकाळी नीलिमाने पहिल्या दिवसाचे पैसे भरले आणि बाजार उघडायच्या क्षणाला खरेदी रांगेत लावली, सहाच्या भावाला. रांगेत जो आधी त्याला आधी मिळतं. तिच्या आधी बरेच होते. वायदा चारला थांबला, पंधरा मिनिटांनी सहाला चिकटला. काही मिळालं नाही.

दुपारी ती रिक्षाने हरिपूरला गेली. पेवाच्या तोंडाशी चार माणसं होती आणि पृथ्वीराज. दोरीला बांधलेला कंदील आत खाली न विझता जळत होता. दोन माणसं सकाळीच आत उतरली होती. खालून पाट्या भरभरून वर येत होत्या. हळदीचा जुना, कोरडा वास सगळीकडे पसरला होता. पृथ्वीराज वर पाट्या घेऊन पोत्यात ओतत होता. त्याचा शर्ट, हात, भुवया पिवळ्या झाल्या होत्या.

"उद्या कुठं लगीन हाय का दादा?" खालून एकाने विचारलं.

"हाय की," पृथ्वीराज म्हणाला. "वायद्याशी. सोडत न्हाई बया."

सगळे हसले. नीलिमालाही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तो तिच्याजवळ येऊन बसला. "एका वेळी दोन पाट्या वर येत नाहीत," तो म्हणाला. "मी सकाळपासून बघतोय. खाली चार माणसं लावली तरी वर तेवढीच येणार."

"हो."

"मघाशी मी हिशेब केला. आपण बाराच ठेवले असते तर आज मी इथं नसतो."

"गाळ्यावर चहा सांगत असतास."

त्याने हात झटकले. पिवळी धूळ दोघांच्या मध्ये उडाली. "मी तुम्हाला भित्र्या म्हणत होतो ताई. माघारी."

"पुढ्यातही म्हणालास."

"पुढ्यात कपांवरून."

संध्याकाळी पेव रिकामं झालं. एक्स्चेंजने त्याच संध्याकाळी हळदीवर जादा मार्जिन लावलं, जसं अशा वेळी लावतात. नीलिमाने ते धरलेलं होतं. धरलेलं नव्हतं ते एवढंच, की लॉट अठरा असतील.

*

बुधवारी सकाळी जादा मार्जिनसकट दुसऱ्या दिवसाचे पैसे गेले. सत्तावीसमधले चार लाख उरले. दहा वाजता वायदा पुन्हा सहाला चिकटला, आणि रांगेतून तिला एक लॉट मिळाला. एकच. कुणीतरी घाबरून किंवा खूश होऊन विकला असेल. पृथ्वीराजने पडद्याकडे बोट दाखवलं, "आला, आला," आणि मग बोट खाली घेतलं, कारण त्याच्या मागे काहीच आलं नाही.

पेवातली हळद अकराला सौद्याला लागली. वायदा सर्किटला असला तरी यार्डातल्या बोलीला सर्किट नसतं. तिथे माणूस माणसाकडे बघून भाव लावतो. वायद्याइतका भाव नाही मिळाला, पण सोमवारपेक्षा पुष्कळ वर मिळाला. माल मिरजेच्या एका मसालेवाल्याने घेतला. नानासोंनी त्याला बाजूला नेलं, खांद्यावर हात टाकला, काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. अर्धे पैसे तीन वाजायच्या आत खात्यावर आले.

नीलिमाने आकडा बघितला. मग पुन्हा बघितला. गुरुवारची सकाळ भरून निघत होती. शुक्रवारची, पुन्हा सर्किट लागलं तरी, भरून निघत होती. पट्ट्यांचं खातं जसंच्या तसं होतं. तिने सुभेदारांना फोन लावला.

"झालं?"

"झालं. उद्या पुन्हा अडकला तरी दोन दिवस आहेत आपल्याकडे."

"मग आता घरी जा आणि झोप," सुभेदार म्हणाले. "अडकू दे त्याला."

ती पाचला घरी गेली. विश्रामबागला भाड्याच्या खोलीत तिने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरून गेली. भात करपला. तो तिने पोटभर खाल्ला. 

*

गुरुवारी दहाला वायदा दोन टक्के वर उघडला, चारपर्यंत गेला आणि तिथून मागे फिरला. ऊन पडल्याची बातमी होती. वाटलं होतं त्यापेक्षा कमी हळद भिजली होती. पडद्याची कोरी बाजू हळूहळू भरू लागली. पाच लॉट, आठ, वीस. तीन दिवस कुठे होते कोण जाणे, विकणारे एकदम सगळे आले.

"घेऊ?" पृथ्वीराजने विचारलं. बोट मोबाईलवर होतं, पण दाबलं नव्हतं.

"घे. आधी तुझे पाच, राहिलेले."

त्याने घेतले. तोटा मोठा होता, पण तो सगळाच्या सगळा मोजता येत होता. मग नीलिमाने उरलेल्या बारांकडे बघितलं. भाव चढला होता, म्हणजे एका लॉटचे वाईट चार दिवसही आता महाग झाले होते, आणि बाजूला ठेवलेले पैसे अजून पुरते भरले नव्हते. तिने पुन्हा भागाकार केला.

"सातच ठेवायचे सध्या," ती म्हणाली. "अजून पाच घे."

"सात," पृथ्वीराज म्हणाला. त्याने पाच घेतले. मग मागे टेकून डोळे मिटले. "आता कपांचं काय करू?"

नानासो दारात उभे होते. ते आत आले, पडद्याकडे बघितलं, जिथे आता दोन्ही बाजूंना आकडे होते. "चहा सांग," ते मुलाला म्हणाले. "आणि पैसे तू दे."

शुक्रवारी अकराला पट्ट्या निघाल्या. आक्काताई साडेदहापासून येऊन बसल्या होत्या. नीलिमाने त्यांच्यासमोर चेक ठेवला. त्यांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली.

"मी म्हनलं, बघू तरी खुर्चीत बसायची पाळी येती का," त्या म्हणाल्या.

"आली नाही."

"न्हाई आली. खुर्ची बी बरी न्हाई तुमची, पाय हलतोय तिचा." मग त्यांचं लक्ष पृथ्वीराजकडे गेलं. नखांच्या कडांना अजून पिवळं होतं. "ह्यो पोरगा का असा रंगलाय?"

"पेव काढलं आम्ही," पृथ्वीराज म्हणाला.

"भाव चढला म्हनून?"

पृथ्वीराजने नीलिमाकडे बघितलं. "व्हय आक्काताई," तो म्हणाला, "भाव चढला म्हनून."

दुपारी नीलिमाने सुट्टी घेतली आणि सातारची गाडी पकडली. आक्काताई त्याच गाडीत निघाल्या, साताऱ्याला वाईची गाडी धरायला. त्यांनी तिला खिडकी दिली आणि पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली. इस्लामपूर सोडेपर्यंत त्या बोअर कुठे मारायचा ते सांगत होत्या. पाणाड्याने दाखवलेली जागा त्यांना पटली नव्हती, आणि एका जागी पाणी न लागल्यास दुसऱ्या जागेचे पैसे त्यांनी वेगळे ठेवले होते.

"दुसऱ्या जागी न्हाई लागलं तर?" नीलिमाने विचारलं.

आक्काताईंनी तिच्याकडे वळून बघितलं. "म्हनून तर ऊस लावला न्हाई यंदा," त्या म्हणाल्या.

कऱ्हाड यायच्या आधी नीलिमाला झोप लागली. साताऱ्याच्या स्टँडवर आक्काताईंनी तिला हलवून उठवलं तेव्हा तिचा हात त्यांच्या पिशवीवर होता.